आठ म्हणजे किती?

डॉक्टरांनी मला रोज पाऊण तास चालायला सांगितलं. मी चालायला लागण्याआधीच ही बातमी न्यू जर्सीतल्या भाच्यापर्यंत चालत गेली. लगेच त्याचा फोन.

"मामा, पुढच्या महिन्यात येतोय. तुला बूट आणतो. नंबर सांग."

"आठ," मी म्हणालो. रक्तगट, लग्नाची तारीख आणि चपलेचा नंबर या तीनच गोष्टी मला झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतात. त्यातल्या तारखेबद्दल घरात दुमत आहे.

भाचा आला, बूट आले. दिसायला असे, की ते घालून चालण्याऐवजी शोकेसमध्ये ठेवावेत. पाय घातला, थोडा आवळ वाटला. "नवे आहेत, सैल होतील," असं मीच सगळ्यांना सांगितलं, कारण पाहुण्याने सातासमुद्रापलीकडून आणलेल्या वस्तूला आवळ म्हणायचं नसतं. चार दिवस कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर निभावलं. रविवारी हौसेने पांडवलेणीला गेलो. चढताना काही नाही. उतरताना मात्र प्रत्येक पायरीला बोटं पुढे सरकून बुटाच्या नाकाडावर आपटत होती. खाली पोहोचेपर्यंत मी आडवा, खेकड्यासारखा उतरत होतो. तिसऱ्या दिवशी उजव्या पायाचं एक नख वांग्याच्या रंगाचं झालं. बूट लांबीला कमी आहे की नाही, हे दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर कळत नाही. उतारावर लगेच कळतं.

तेव्हा कुठे मी खोका वाचला. आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर ओळीने लिहिलं होतं: यूएस 8, यूके 7, ईयू 41, सेमी 26. एकाच बुटाला चार नंबर!

भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "अरे, तू सांगितलास तो इंग्लंडचा आठ. इंडियात तोच चालतो. अमेरिकेत पुरुषांच्या नंबरला त्यात साधारण एक मिळवायचा. तुझा आठ म्हणजे तिकडचा नऊ."

"मग तू मिळवला का नाहीस?"

"मला वाटलं, तू मिळवूनच सांगितलास."

मग मी या नंबरांच्या मुळाशी गेलो. निवृत्त माणसाला दुसरं काम काय? इंग्रजांचा बुटाचा नंबर म्हणजे जवाचे दाणे. लांबीत ओळीने तीन दाणे ठेवले की एक इंच. मोजायला सुरुवात चार इंचांपासून, म्हणजे बारा दाण्यांवर शून्य नंबर. तिथून एकेक दाणा वाढवत मुलांचे तेरा नंबर, आणि तेरा झाले की पुन्हा एकपासून मोठ्यांचे. म्हणजे माझा आठ नंबर कसा? बारा, अधिक तेरा, अधिक आठ. तेहतीस दाणे, बरोबर अकरा इंच. (आपल्या जुन्या ग्रंथांतही आठ यवांचं एक अंगुळ आहे, पण आपण दाणे आडवे मांडत होतो. चपलेला नंबर द्यायचं मात्र आपल्याला सुचलं नाही.)

युरोपवाले त्यामानाने सरळ. त्यांचा एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, आणि मोजणी थेट शून्यापासून. 42 नंबर म्हणजे 28 सेंटिमीटर. अकरा इंच म्हणजे 27.9. आठ आणि बेचाळीस हे असे सख्खे शेजारी निघाले. पण इंग्रजी पायरी साडेआठ मिलिमीटरची आणि युरोपची पावणेसात मिलिमीटरच्याही किंचित आत. त्यामुळे इंग्रज चार नंबर खाली उतरून चारवर येतो, तेव्हा युरोप पाच उतरून 37 वर असतो. मधल्या पायऱ्या एकमेकींना जुळतच नाहीत. म्हणूनच एका कंपनीच्या तक्त्यात आठ म्हणजे 42 आणि दुसरीच्या तक्त्यात साडेबेचाळीस.

पण माझा पाय काही अकरा इंचांचा नाही! इथेच खरी मेख आहे. हे दाणे काय नि सेंटिमीटर काय, पायाचं माप नव्हेच. ज्यावर बूट ओढून शिवतात त्या फर्म्याचं ते माप. फर्मा पायापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर लांब असतो, कारण चालताना बोटांना पुढे सरकायला जागा लागते. चिठ्ठीवरचं चौथं माप, सेंटिमीटरवालं, तेवढं थेट पायाचं. जपानमध्ये तोच नंबर. बूट 26 सेंटिमीटरच्या पायासाठी होता, हे खोका पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होता. आता माझा पाय किती, एवढंच शोधायचं होतं.

कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान उलटं करून भिंतीला टेकवलं. खुर्चीत बसून पाय ठेवला, स्वतःच वाकून पेन्सिल फिरवली. आलं 27.1. बायको स्वयंपाकघरातून बघत होती. "पेन्सिल तिरकी धरलीत. आणि वजन कोण देणार पायावर? बूट घालून बसणार आहात का?"

बसल्यावर पाय आखडलेला असतो, उभं राहिलं की पसरून लांब होतो. पण उभा माणूस स्वतःचं माप घ्यायला वाकला की टाच भिंतीपासून सुटते. म्हणजे हे काम दुसऱ्याकडूनच करून घ्यावं लागतं. तिने पेन्सिल सरळ उभी धरली आणि फक्त सगळ्यात पुढच्या बोटाशी रेघ मारली. माझं सगळ्यात पुढचं बोट अंगठा नाही, त्याच्या शेजारचं आहे. ते बोट मोठं असलं की बाई नवऱ्यावर राज्य करते म्हणतात. पुरुषांना हा नियम लागू नसावा. मग प्लॅस्टिकची पट्टी घेतली, तर तिच्या टोकापासून शून्यापर्यंत चार मिलिमीटर कोरी जागा. मी टोकापासून मोजत होतो. तीही चूक तिनेच पकडली.

"आणि हे आता सकाळी कशाला? संध्याकाळी मोजा. दिवसभरात पाय सुजतात."

संध्याकाळी, मोजे घालून, उभा राहून: डावा 25.8, उजवा 26.3. दोन पायांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक! पन्नास वर्षं मी सगळीकडे डावा पाय पुढे करून चप्पल बघत आलो. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा. 26.3 मध्ये दीड मिळवले, 27.8 झाले. त्याचे इंच करून तिपटीतून पंचवीस वजा केले, तर 7.8. म्हणजे आठच! माझा नंबर आयुष्यभर बरोबर होता, फक्त देश चुकला होता.

हौसेत मी तिचाही पाय मोजला. 25.4, म्हणजे सात नंबर. "तरी मेन रोडच्या दुकानात दर वेळी म्हणतात, लेडीजमध्ये एवढा मोठा नंबर येत नाही," ती म्हणाली. वीस वर्षं बाई सहाच्या चपलेत टाच बाहेर काढून फिरतेय.

भाच्याला रेघांचा फोटो पाठवला, खाली ठळक लिहिलं: यूएस 9. परत गेल्यावर त्याने मनावर घेतलं आणि येणाऱ्या मित्राबरोबर दुसरा जोड धाडला. रंग सुंदर, मोरपिशी. चिठ्ठीवर खरंच 9. पाय घातला, तर पहिल्यापेक्षाही घट्ट.

"मामा, मला तो रंग आवडला," फोनवर आवाज जरा बारीक झाला होता. "पण तो लेडीजचा निघाला. अमेरिकेत बायकांचा नऊ म्हणजे पुरुषांचा साडेसात."

मी फोन ठेवून वळलो, तर ते बूट जागेवर नव्हते. दिवाणखान्यात बायको टाच आपटून, बोटं हलवून बघत होती.

"पुढे अंगठ्याएवढी जागा राहतेय," ती म्हणाली. "बरोबर ना?"

सध्या कृषीनगरच्या ट्रॅकवर ती मोरपिशी बुटांत पुढे असते. मी मागून येतो, जुन्या चपलेत, इंग्लंडच्या आठ नंबरच्या.