रविवारची शांतता आणि रिकामे ऑर्डर बुक

“शनिवार-रविवारी बँका आणि मोठे फंड बंद असतात, त्यामुळे बिटकॉइन शांत असतो. रविवारी बिनधास्त वीसपट लिव्हरेज घ्या. सीएमईचा गॅप सोमवारी भरतोच, त्या दिशेने ट्रेड टाका.”

बेळगाव, खानापूर, निपाणी भागांतील व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा संदेश फिरतो आहे, आणि तो वाचणाऱ्यांत उद्यमबागेत नोकरी करणारी, रविवारीच मोकळी असणारी तरुण मुले पुष्कळ आहेत. म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान अर्धे खरे आहे. शनिवार-रविवारी उलाढाल घटते आणि सरासरी चढ-उतारही बहुधा कमी असतो. अमेरिकेतील स्पॉट बिटकॉइन ईटीएफ, म्हणजे प्रत्यक्ष बिटकॉइन बाळगणारे आणि शेअर बाजारात विकले जाणारे फंड, जानेवारी 2024 मध्ये सुरू झाल्यापासून मोठी खरेदी-विक्री त्यांच्या बाजाराच्या वेळेत, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सातपासून आणि हिवाळ्यात आठपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत, एकवटते. परंतु भाव हलत नाही याचा अर्थ भाव हलवणे कठीण आहे असा होत नाही. शांत दिवशी ऑर्डर बुकात, म्हणजे एक्सचेंजवरील प्रलंबित ऑर्डरींच्या यादीत, भावाच्या लगत उभ्या असलेल्या खरेदीच्या ऑर्डरी विरळ असतात, आणि खरी जोखीम तिथे दडलेली असते.

हिशेबासाठी समजा की भाव 80,00,000 रुपये आहे आणि कोणाला 0.05 बिटकॉइन, म्हणजे 4,00,000 रुपयांचा माल, मार्केट ऑर्डरने, म्हणजे मिळेल त्या भावाला लगेच, विकायचा आहे. बुधवारी रात्री आठ वाजता 79,96,000 च्या आसपास पुरेसे खरेदीदार असतील, तर त्याला सुमारे 200 रुपये कमी मिळतील. रविवारी सकाळी मात्र 79,90,000 ला 0.01, 79,60,000 ला 0.015 आणि उरलेल्या 0.025 साठी थेट 79,00,000 ला खरेदीदार असेल, तर हाती 3,96,800 रुपये येतील. पडद्यावरचा भाव दोन्ही वेळी तोच होता, तरी नुकसान सोळापट झाले. स्टॉप-लॉस, म्हणजे ठरलेल्या भावाखाली आपोआप विकण्याची सूचना, लावलेला असला तरी तो बहुधा मार्केट ऑर्डरच होतो आणि याच पायऱ्यांवरून घसरतो. विक्रीचा किमान भावही ठरवणारी स्टॉप-लिमिट लावल्यास भाव राखला जातो, पण भाव त्या मर्यादेखाली उडी मारून गेला तर ऑर्डर तशीच पडून राहते. वीसपट लिव्हरेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या पैशाच्या वीसपट सौदा उसनवारीवर केल्यास, पाच टक्के विरुद्ध हालचालीत सारे मार्जिन, म्हणजे स्वतःची ठेवलेली रक्कम, संपते, प्रत्यक्षात त्याच्या थोडे आधीच. मग एक्सचेंज ती पोझिशन जबरदस्तीने विकते, ती विक्री विरळ बुकातच होते आणि पुढच्याचे लिक्विडेशन, म्हणजे तशीच जबरदस्तीची विक्री, जवळ आणते. 4 डिसेंबर 2021 च्या शनिवारी बिटकॉइन सुमारे 53,000 डॉलरवरून काही काळ 42,000 डॉलरपर्यंत कोसळला होता.

बँका बंद असणे सुरक्षिततेचे लक्षण मानणे तर पूर्ण उलटे आहे. आपल्याकडे यूपीआय रविवारीही चालते, त्यामुळे पैसा सर्वत्र असाच फिरतो असे वाटते. डॉलरची मुख्य बँक-यंत्रणा मात्र आठवड्याच्या शेवटी थांबते. मार्च 2023 मध्ये यूएसडीसी हे एका डॉलरला बांधलेले डिजिटल नाणे काढणाऱ्या सर्कल कंपनीने सिलिकॉन व्हॅली बँकेत आपले 3.3 अब्ज डॉलर अडकल्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्याकडे शनिवार, 11 मार्च उजाडला होता. एरवी एक यूएसडीसी देऊन एक डॉलर परत घेता येतो आणि त्या देवाणघेवाणीतूनच भाव जागेवर राहतो. सोमवारपर्यंत तो मार्ग प्रत्यक्षात बंद असल्याने यूएसडीसी 88 सेंटच्या खाली गेला. अमेरिकी सरकारने ठेवीदारांना हमी दिल्यावर आणि बँका उघडल्यावर तो पुन्हा एका डॉलरजवळ आला. शनिवारी घाबरून विकणाऱ्यांचा तोटा मात्र कायमचा झाला.

आता गॅप. सीएमई या शिकागोच्या एक्सचेंजवरील बिटकॉइन फ्युचर्स शुक्रवारी बंद झाल्यावर इतर बाजार चालूच राहिला, की अमेरिकेतील रविवारी संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे, ते उघडताना भावाच्या आलेखात मधली जागा रिकामी दिसते. छोटे गॅप अनेकदा भरतात, कारण भाव रोजच्या चढ-उतारात तेवढे अंतर सहज ओलांडतो. त्यामागे भाव मागे ओढणारी कोणतीही यंत्रणा नाही. नोव्हेंबर 2024 चे उदाहरण पाहा. 11 तारखेला पहाटे साडेचारला, आपल्या वेळेनुसार, सीएमई उघडले तेव्हा शुक्रवारच्या बंद भावापासून साधारण 80,000 डॉलरपर्यंत गॅप पडला होता. तो भरेल म्हणून 81,000 ला वीसपट शॉर्ट, म्हणजे भाव पडेल यावर सौदा, करणाऱ्याचे मार्जिन 85,000 च्या सुमारास संपणार होते, आणि भाव चोवीस तासांच्या आत 88,000 च्या वर गेला. पुढे डिसेंबरमध्ये तो 1,08,000 वर पोहोचला. गॅपचा पट्टा पूर्णपणे भरायला मार्च 2025 उजाडावा लागला.