पंचाहत्तरीचे दिवे आणि वायरीचा हिशेब

परवा बाबांची पंचाहत्तरी झाली. सोसायटीच्या गच्चीवर केक, फ्लॅश मारून फोटो, आणि मागे पाण्याच्या टाकीसकट गडद काळोख. रात्री घरच्यांच्या ग्रुपवर आत्याचा मेसेज आला, "मागे ते गोल गोल धूसर दिवे टाक ना रे, तुला काय, दोन मिनिटांचं काम." माझ्या आयुष्यातली सगळी दोन मिनिटं या घराने वापरून संपवली आहेत.

रविवारी सकाळी फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडून बसलो. फोटोवर एक काळा थर घ्यायचा, मऊ कडेच्या ब्रशने त्यावर पिवळसर गोळे काढायचे आणि त्या थराचा मोड Screen करायचा. काळ्या रंगात उजेड नसल्यामुळे तो दिसेनासा होतो, गोळे तेवढे उरतात. मागे काळोख असेल तर गोळे उठून दिसतात, म्हणून ही युक्ती असल्याच फोटोंना साजते. पण Screen ला बाबा आणि टाकी यांतला फरक कळत नाही. एक गोळा थेट बाबांच्या कपाळावर उगवला. मग मास्क करून बाबांना कापून दिव्यांच्या पुढे आणायचं. बाबांच्या डोक्यावर जे अठरा-वीस केस आहेत, त्यांनी या कामात माझा पाऊण तास खाल्ला. कड फार धारदार ठेवली तर बाबा कात्रणासारखे दिसतात, मऊ केली तर केस विरतात. आधीच कमी, त्यात विरले!

तेवढ्यात पंपाच्या खोलीची किल्ली मागायला समोरचे काका आले. वीजखात्यात पस्तीस वर्षं काढून निवृत्त. किल्ली हातात घेऊन माझ्या खांद्याशी उभे राहिले.

"वायर कुठाय?"

"काका, हे धूसर दिवे आहेत. वायर दिसत नाही."

"दिसत नाही ठीक. पण आहे ना? गोळे कसे टांगलेत? माळ मधे झोल खाते. तुझे दिवे पावसाच्या थेंबांसारखे विखुरलेत."

मी मुकाट्याने गोळे एका झोलदार ओळीत घेतले. दिसायला बरं झालं, हे त्यांना कळू दिलं नाही.

"आणि हे लांबचे बारीक का केलेस?"

"लांब आहेत म्हणून."

"असं? आमच्या नातवाच्या बारशाच्या फोटोत मागचे मोठे दिसत होते."

इथे मी हसलो, आणि इथेच तोंडावर पडलो. बारशाचा फोटो त्यांच्या मोबाईलवर होता, भाड्याने आणलेल्या फोटोग्राफरने काढलेला. फोकस बाळावर. पाळण्याला टेकलेले दिवे मोहरीएवढे, खिडकीबाहेरचे चांगले लाडवाएवढे, फक्त फिके. अर्थात! फोकसपासून दिवा जितका मागे, तितका तो जास्त पसरतो. एका मर्यादेनंतर वाढ थांबते, पण लहान काही होत नाही. मी डोळ्याला दिसतं तसं काढत होतो, भिंगाला दिसतं तसं नाही. वीस वर्षं कॅमेरा गळ्यात घालून हिंडलो, आणि हे मला पंपाच्या किल्लीवाल्याने शिकवावं?

गोळे पुन्हा काढले. काका खुर्ची ओढून बसले. चहा मागितला. दोन चमचे साखर.

"बरं, एवढे दिवे पेटलेत. मग बाबांच्या कानावर उजेड का नाही?"

मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर नव्हतं. पुढून फ्लॅशचा पांढराफटक उजेड, मागे सोनेरी आरास, आणि बाबा दोघांच्या मधे, दिव्यांशी ओळखच नसल्यासारखे. नवा थर, पुन्हा Screen, मोठा मऊ ब्रश, नारिंगी रंग, जोर जेमतेम दहा टक्के. कानाच्या पाळीवर आणि खांद्याच्या कडेवर एकेक हात फिरवला. चेहऱ्यावरचा निळेपणा किंचित कमी केला. बाबा एकदम गच्चीवर आले. आतापर्यंत ते फोटोवर चिकटवलेले होते.

"आता एक दिवा बंद कर," काका उठता उठता म्हणाले. "माळेत एक तरी गेलेला असतोच. माळ तपकीर गल्लीतल्या विजेच्या बाजारातून आणा नाहीतर कुठूनही."

ते गेल्यावर दार लावून मी डावीकडून पाचवा गोळा पुसला. फोटो खरा वाटू लागला. हा माणूस मला आवडत नाही.

फोटो ग्रुपवर टाकला. अकरा जणांनी हात जोडले, आत्याने बदाम पाठवला. पाच मिनिटांनी तिचाच दुसरा मेसेज, "छान झालाय रे. फक्त डावीकडे एक दिवा राहिलाय टाकायचा. दोन मिनिटांचं काम."