आयत्या बिळावर चॅनेल

अभिनंदन! हजार सबस्क्रायबर झाले, बारा महिन्यांत चार हजार तासांचा वॉच टाइम भरला, तुम्ही ऐटीत कमाईसाठी अर्ज केलात आणि युट्यूबने तो नाकारून कळवलं की चॅनेलवर रीयूज्ड कंटेंट आहे, म्हणजे दुसऱ्यांचाच माल पुन्हा वापरलाय. आता सर्वांत आधी संतापा. 'माझ्यावर एकही कॉपीराइट स्ट्राइक नाही!' असं तीनदा मोठ्याने म्हणा. या भानगडीशी त्याचा काडीचाही संबंध नाही, पण म्हटल्यावर बरं वाटतं.

कॉपीराइटचा प्रश्न असतो, माल कुणाचा? तिथे मालक तक्रार करतो. इथे कुणीही तक्रार केलेली नसते, इथे फक्त विचारतात की यात तुमचं काय? त्यामुळे मूळ मालकाने दिलेलं परवानगीचं पत्र जरूर जपून ठेवा, फ्रेम करून भिंतीवर लावा. परवानगी असली तरी हा नियम लागू होतोच, हे त्या पत्राला कळू देऊ नका. वर्णनात 'क्रेडिट मूळ मालकाला' लिहिणाऱ्यांचं तर विशेष कौतुक. माल आपला नाही याची लेखी कबुली आपणहून देणारी माणसं दुर्मीळ.

समजा, तुमचं चॅनेल प्राण्यांच्या गमतीजमतींचं आहे. साठ व्हिडिओ. इकडून तिकडून उतरवलेल्या क्लिपा एकामागे एक चिकटवायच्या, खाली ढिंचाक संगीत, आणि मांजर कपाटावरून घसरलं की पिवळ्या अक्षरांत 'अरेरे!'. कष्ट तर आहेतच! शिवाय तुम्ही चित्र डावं-उजवं उलटवलंत, वेग जरासा वाढवलात, भोवती चौकट घातलीत. या करामती कॉपीराइट शोधणाऱ्या यंत्राला गुंगारा देण्यासाठी असतात. चॅनेल तपासायला मात्र यंत्राबरोबर माणसंही बसतात, आणि उलटं केलेलं मांजर माणसाला मांजरच दिसतं.

शेजारच्या एका खुळ्याने तीच क्लिप घेतली होती. त्याने ती घसरण्याच्या क्षणी थांबवली, मागचे पाय कुठे टेकले ते दाखवलं आणि मांजराचा अंदाज का चुकला ते दोन मिनिटं स्वतःच्या आवाजात सांगितलं. नियमाला हेच हवं असतं: स्वतःचं भाष्य, किंवा मूळ क्लिपेत भरीव बदल. तुम्ही असला वेडेपणा करू नका. घसा बसेल. बोलायचं नसेल तर कोपऱ्यात स्वतःचा चेहरा लावून नुसते डोळे विस्फारा. (शब्दही न बोलता दिलेल्या प्रतिक्रिया नियमात बसत नाहीत, पण डोळ्यांना व्यायाम होतो.)

एक हुकमी युक्ती सांगतो. स्वतःच्या आवाजातला एकच व्हिडिओ करा आणि देवघरातल्या मूर्तीसारखा सगळ्यांत वर मांडा. तपासणारे सगळे साठ व्हिडिओ पाहत नाहीत हे खरंच आहे. ते फक्त चॅनेलचा मुख्य विषय पाहतात, सर्वाधिक पाहिलेले व्हिडिओ, सर्वांत नवे व्हिडिओ, ज्यांवर वॉच टाइमचा मोठा वाटा आला ते व्हिडिओ, आणि शीर्षकं, थंबनेल, वर्णनं. तुमच्या मूर्तीला चौऱ्याऐंशी व्ह्यू आहेत. मांजराला दोन लाख. निकाल एकेका व्हिडिओचा लागत नाही, अख्ख्या चॅनेलचा लागतो.

मग रात्रीतून सगळी मांजरं डिलीट करा! इथे थोडं गणित आहे. तुमचे तास होते चार हजार तीनशे. त्यातले तीन हजार शंभर तास या मांजरांनी मिळवलेले. डिलीट केलेल्या किंवा प्रायव्हेट केलेल्या व्हिडिओचे तास पात्रतेत धरत नाहीत. उरले बाराशे. चॅनेल आता शुद्ध झालं, फक्त अर्ज करण्यालायक राहिलं नाही.

अर्ज पहिल्यांदा नाकारला असेल तर तीस दिवसांनी पुन्हा करता येतो, त्यानंतरच्या नकाराला नव्वद दिवस थांबावं लागतं. तेव्हा काहीही न बदलता एकतिसाव्या दिवशी तोच अर्ज ठोका. तीस दिवसांची शिक्षा नव्वदवर नेण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

आणि निर्णयच चुकीचा वाटत असेल, तर एकवीस दिवसांत अपील करा. त्यासाठी व्हिडिओ करून पाठवता येतो. तो पाच मिनिटांच्या आत हवा, अनलिस्टेड हवा, पहिल्या तीस सेकंदांत चॅनेलची यूआरएल दिसायला हवी, आणि तुम्ही व्हिडिओ प्रत्यक्ष कसे बनवता ते दाखवायला हवं. हे शेवटचं कलम तुमच्यासाठीच केलंय. बिनधास्त स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करा, यूआरएल दाखवा, घसा खाकरा आणि म्हणा, 'आता मी माझी निर्मितिप्रक्रिया दाखवतो.' मग डाउनलोडचा फोल्डर उघडा. पहिल्याच क्लिपेच्या कोपऱ्यात दुसऱ्याच चॅनेलचा वॉटरमार्क असेल. तुमच्या तयार व्हिडिओत चित्र उलटवल्यामुळे तोही उलटा दिसेल, पण वाचता येईल.