कनिष्ठ वेतन

बेळगावच्या बाजारपेठेतल्या एका कापड दुकानात मी चौदा वर्षे साड्या दाखवतो आहे. ‘दाखवतो’ असेच म्हणायला हवे, कारण साडी विकली गेल्याचे श्रेय गादीवर बसलेल्या मालकांकडे जाते आणि न विकली गेल्याचा दोष माझ्याकडे राहतो. २०११ साली मी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून येऊन कामाला लागलो तेव्हा पगार साडेतीन हजार होता. दर पाडव्याला मालक पेढ्याबरोबर हजार रुपयांची वाढ जाहीर करत आणि त्या क्रमाने २०१९ साली तो साडेअकरा हजारांवर पोचला. २०२० चा पाडवा आला तेव्हा कोरोनामुळे दुकानाचे शटर खाली होते, म्हणून मालक फोनवर म्हणाले, “यंदाच्या वर्षी राहू दे.” मी राहू दिले. मालकांच्या लेखी ते वर्ष अजून संपलेले नाही.

मी इतकी वर्षे तोंड का उघडले नाही, असे बायको विचारते. तिला उचल हा प्रकार नीट ठाऊक नाही. बहिणीच्या लग्नासाठी मी मालकांकडून साठ हजारांची उचल घेतली आणि ती महिन्याला दीड हजार रुपयांप्रमाणे पगारातून कापली जाऊ लागली. म्हणजे चाळीस महिने झाले. या चाळीस महिन्यांत पगारवाढ मागणे हे जेवायला बोलावलेल्या घरी ताट लहान असल्याची तक्रार करण्यासारखे असते. उचल देणाऱ्याने आपली अडचण भागवलेली असते आणि तो ते कधी बोलून दाखवत नाही, फक्त दर महिन्याला वही उघडून कापलेल्या रकमेखाली बोटाने हळूच एक रेघ ओढतो. उचल फिटत आली की मालक स्वतःच आपुलकीने विचारतात, “घराचे पत्रे बदलायचे म्हणत होतास की, पैसे पाहिजेत काय?” आमच्या दुकानात बहुतेकांची तोंडे पत्र्यांपायी बंद आहेत.

यंदा माझी उचल दिवाळीच्या सुमारास फिटली आणि मी पत्रे बदलले नाहीत. आता विचारण्याला अडचण उरली नव्हती, तेव्हा अडचणी शोधून काढणे भाग पडले. सकाळी विचारावे तर भवानी झालेली नसते आणि भवानीच्या आधी पैशाची गोष्ट काढणाऱ्याकडे मालक अपशकुन झाल्यासारखे पाहतात. दुपारी ते जेवून लोडाला टेकतात. दिवेलागणीला घरातून लक्ष्मी बाहेर जाऊ द्यायची नसते. रात्री गल्ला मोजताना त्यांच्याशी बोलले की मोजणी चुकते आणि ती नेहमी कमीच भरते. महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेला जीएसटीचे कागद भरायचे असतात, त्यामुळे अलीकडे-पलीकडचे दोन-दोन दिवसही बाद. लग्नसराईत वेळ नसतो, आणि लग्नसराई संपली की मंदी असते. आमच्या भागातल्या माणसाला वाट पाहण्याचे वावडे नाही. सीमाप्रश्नाचा दावाच २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथे माझ्या पगाराची काय कथा!

मला हलवले ते दुकानाच्या मागच्या भिंतीवरच्या एका कागदाने. कॅलेंडरच्या बाजूला, पायपुसणी वाळत घालायच्या दोरीखाली, तो बरीच वर्षे लटकलेला आहे. शाळेत कानडी शिकल्यामुळे मला ती अक्षरे वाचता येतात, मात्र अक्षरे कानडी आणि अर्थ मराठी अशी माझी पद्धत आहे. कागदावर ‘कनिष्ठ वेतन’ असे लिहिले होते. कनिष्ठ म्हणजे नवीन लागलेली पोरे, असे समजून मी तो कागद कधी पुढे वाचलाच नाही, कारण चौदा वर्षे काढलेला माणूस स्वतःला वरिष्ठ समजतो. खालच्या ओळीत ‘तुट्टीभत्ये’ असा शब्द होता, तो तर मी मुद्दाम टाळत असे. वर्षातून एकदा दुकानातला माल मोजतात, त्यात दोन साड्या कमी भरल्या की ती तूट आम्हा सर्वांच्या पगारातून वाटून कापतात. त्या कापणीला सरकारने दिलेली मान्यता भिंतीवर चिकटवली आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

बैलहोंगलकडचा एक तरुण हमाल आमच्याकडे गठ्ठे उतरवायला येतो. त्याला एकदा मी सहज म्हणालो, “तुझं बरं आहे, तुझ्यासाठी सरकार कनिष्ठ वेतन ठरवतं.” तो गठ्ठ्यावर बसून इतका हसला की वरची दोरी तुटली. मग त्याने समजावले की कानडीत कनिष्ठ म्हणजे किमान, आणि तुट्टी म्हणजे महाग. म्हणजे ती तुटीची कापणी नव्हती, तो महागाईभत्ता होता. महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे तो दर वर्षी १ एप्रिलपासून नव्याने ठरतो आणि मूळ वेतनात मिळवतात. दुकाने आणि व्यापारी आस्थापनांत काम करणाऱ्यांना, गावाच्या परिमंडळाप्रमाणे आणि कामाच्या कौशल्याप्रमाणे, दोन्हींची बेरीज होते त्याहून कमी पगार देता येत नाही. आम्ही दोघांनी पायपुसणी बाजूला सारून बेरीज केली. कागद जुना होता, तरी त्यावरचा आकडा माझ्या आजच्या पगाराहून वर निघाला. म्हणजे चौदा वर्षांनंतर मी कनिष्ठाच्याही खाली होतो.

“संबळ जास्ती माड्री अंत हेळ्री,” हमालाने उपाय सांगितला. पगार वाढवा म्हणून सांगा, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत संबळ गोंधळात वाजवतात आणि कानडीत तो महिन्याच्या शेवटी मिळतो. आमच्या घरी या दोन्हींचा जवळचा संबंध आहे, कारण कानडी संबळ लांबला की मराठी गोंधळ सुरू होतो.

तुळशीची लग्ने लागली आणि बस्त्याची गिऱ्हाइके सुरू झाली. त्या दिवशी निपाणीकडचे एक कुटुंब आले होते, आत्या, मावश्या आणि एक अबोल नवरदेव धरून नऊ माणसे. आत्याबाईंना इरकल हवी होती, पण पदर टोपाचाच हवा होता. मी पदराचा सांधा उलटा करून दाखवला. खऱ्या इरकलीत अंगाचे आणि पदराचे धागे फासे घालून एकमेकांत अडकवलेले असतात आणि तिथे बोट फिरवले की बारीक गाठीसारखी ओळ लागते. आत्याबाईंनी बोट फिरवले, ओळ लागली, त्यांचे समाधान झाले आणि त्यांनी कांजीवरम मागितली. साडेतीन तासांत सत्तर साड्या उलगडल्या आणि त्यांतल्या अकरा गेल्या. उरलेल्या एकोणसाठ घडी घालण्यासाठी माझ्यासमोर पडल्या. एका साडीला दीड मिनिट धरले तरी हे दीड तासाचे काम होते. पदर वर ठेवून काठाला काठ जुळवायचा, मधली घडी तळहाताने दाबायची आणि जुन्याच मोडीवर मोड बसवायची. नवी मोड पडली तर साडी जुनी वाटते आणि तूट आमच्या नावावर जाते.

अकरा साड्यांमुळे मालक खुशीत होते. घडी घालता घालता, मान वर न करता मी म्हणालो, “मालक, पगाराचं जरा बघायला पाहिजे.”

“कसला पगार? झाला की परवा.”

“वाढवायचं म्हणतोय. चार हजारांनी.”

माझ्या मनात तीन हजार होते. पण गिऱ्हाइकाला पहिली साडी त्याच्या कुवतीच्या वरचीच दाखवायची असते, म्हणजे दुसरी स्वस्त वाटते. ही विद्या मला मालकांनीच शिकवलेली असल्यामुळे त्यांनी ती तात्काळ ओळखली.

“चार?” ते म्हणाले. “समोरच्या दुकानात नवीन पोरगा सांगशील तितक्यात येतो की.”

हेही मला पाठ होते. समोरच्या दुकानात हीच साडी दोनशेने स्वस्त आहे, असे दर गिऱ्हाईक म्हणते. त्यावर वाद घालायचा नसतो, साडी पुढे सरकवून गप्प बसायचे असते. मी घडी घातलेली साडी पुढे सरकवली आणि गप्प बसलो. गेली सहा वर्षे मी ज्या गप्पपणाला भित्रेपणा समजत होतो, तो खरे म्हणजे सराव होता, हे मला तेव्हा उमगले. मालकांना मात्र असा सराव नव्हता.

“पाचशे,” ते म्हणाले. मी एक कांजीवरम घडी केली.

“धंदा कुठं आहे सांग बघू. सगळी ऑनलाइन घेतात.” मी दुसरी घेतली.

“हजार. आणि दिवाळीला बोनस दिला होता, तो विसरू नको.” बोनस म्हणून दिलेला शर्टपीस माझ्या अंगावरच होता. मी तिसऱ्या साडीचा काठ जुळवला.

“मागं तो कागद लावलाय, तो बघून आलास काय?” मालक अचानक म्हणाले. माझा हात मोडीवरून घसरला. “तो तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी आहे रे. आपल्या घरातल्या माणसासाठी नव्हे.”

“होय मालक,” मी म्हणालो, “पण किराणावाला मला घरातला समजत नाही.”

हे वाक्य मी ठरवून ठेवले नव्हते, त्यामुळे त्याच्या परिणामाने मीच अधिक घाबरलो. मालकांनी वही काढली, पेनचे टोपण दातात धरले आणि माझ्या नावापुढे दोन हजार लिहिले. तेरा हजार पाचशे. भिंतीवरच्या आकड्याच्या ते अजूनही खालीच होते, पण पुढच्या १ एप्रिलला कागद नवा लावायला लागेल, तेव्हा बोलायला विषय उरेल, असे म्हणून मी मान हलवली. वही मिटताना मालक माझ्याकडे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ, दुकानात कुणाला बोलू नको. तुझं म्हणून केलंय.”

या विश्वासाने मी भारावलो. उरलेल्या साड्या घेऊन मागे गेलो तर आमचे मामा मांडणीपाशी उभे होते. हे मामा दुकानात माझ्या चार वर्षे आधीपासून आहेत आणि त्यांनी कधी कशाची तक्रार केलेली कुणाला आठवत नाही. त्यांना पाहून मला अपराधी वाटू लागले. बिचाऱ्यांना काहीच मिळाले नाही आणि मी गुपचूप दोन हजार घेऊन आलो. अखेर मला राहवले नाही आणि मी त्यांना सगळे सांगून टाकले.

मामांनी शांतपणे माझ्या हातातल्या साड्या घेतल्या, वरच्या साडीची मोड तपासली आणि विचारले, “तुझं म्हणून केलंय, म्हणाले काय?”

“होय.”

“मला २०१७ साली म्हणाले होते,” मामा म्हणाले. “मग २०२१ साली, आणि गेल्या पाडव्याला. सोळा हजार आहे आता. कुणाला बोलू नको म्हणाले होते, म्हणून बोललो नाही.”

बाहेरून मालकांची हाक आली. आत्याबाई परत आल्या होत्या आणि त्यांना मघाच्या साड्या पुन्हा एकदा पाहायच्या होत्या.