एका रिपोर्टवरचे दोन आकडे

मी अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम करतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या मूत्रपिंडाच्या रिपोर्टवर एकाच रुग्णासाठी, एकाच रक्ताच्या नमुन्यावरून, एकाखाली एक असे दोन आकडे छापले जात. पहिला ‘आफ्रिकन-अमेरिकन नसल्यास’ आणि दुसरा ‘आफ्रिकन-अमेरिकन असल्यास’. दुसरा आकडा नेहमी मोठा असे. रुग्ण यांपैकी कोण हे यंत्राला ठाऊक नसे, म्हणून कोणता आकडा घ्यायचा ते डॉक्टरने रुग्णाकडे किंवा कागदावर नोंदलेल्या वंशाकडे पाहून ठरवायचे. सुरुवातीला मला यात काही वावगे वाटले नाही. यंत्रातून आलेल्या आकड्यावर माणूस सहसा शंका घेत नाही, आणि मीही घेतली नाही.

हा आकडा म्हणजे ईजीएफआर, अर्थात मूत्रपिंडे दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात याचा अंदाज. तो अंदाजच असतो, कारण खरी मोजणी करायची तर शिरेतून एक विशिष्ट द्रव्य टोचून ते शरीरातून किती वेगाने बाहेर पडते हे काही तास पाहावे लागते, आणि रोजच्या व्यवहारात ते कोणी करत नाही. त्याऐवजी रक्तातले क्रिएटिनिन मोजतात. हे स्नायूंतून सतत तयार होणारे टाकाऊ द्रव्य आहे. मूत्रपिंड मंदावले की ते रक्तात साचते. अडचण अशी की रक्तातली त्याची पातळी केवळ मूत्रपिंडावर ठरत नाही, तर शरीरात ते किती तयार होते यावरही ठरते. ज्याचे स्नायू भरदार आहेत किंवा जो भरपूर मांस खातो, त्याचे मूत्रपिंड निरोगी असूनही क्रिएटिनिन जरा जास्त दिसू शकते. म्हणून सूत्रात वय आणि लिंग घालतात, कारण स्नायूंचा ढोबळ अंदाज त्यांवरून येतो.

वंश या सूत्रात आला तो 1999 साली. एमडीआरडी नावाच्या अभ्यासातल्या 1,628 रुग्णांमध्ये खरी मोजणी आणि क्रिएटिनिन यांची सांगड घालून सूत्र बसवले गेले. या रुग्णांपैकी कृष्णवर्णीय साधारण 12 टक्के, म्हणजे दोनशेच्या आसपास होते. क्रिएटिनिन सारखेच असताना त्यांचे मोजलेले गाळण सरासरीने जास्त आढळले, म्हणून उत्तराला एका संख्येने गुणायचे ठरले. नंतरच्या, चार घटकांच्या प्रचलित सूत्रात ही संख्या 1.212 होती. 2009 साली आलेल्या सीकेडी-ईपीआय सूत्रात ती 1.159 झाली. म्हणजे रुग्ण कृष्णवर्णीय आहे अशी खूण केली की त्याचे मूत्रपिंड कागदावर सुमारे 16 टक्क्यांनी सुधारत असे. याचे स्पष्टीकरण म्हणून कृष्णवर्णीयांचे स्नायू सरासरीने जास्त असतात असे सांगणाऱ्या जुन्या अभ्यासांचा दाखला दिला गेला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ती संख्या कोणी मनाने लिहिली नव्हती. त्या रुग्णांच्या आकडेवारीत तो फरक खरोखरच होता, आणि पुढे 2021 साली अमेरिकेतल्या दुसऱ्या एका मोठ्या रुग्णगटात तो पुन्हा दिसला. मात्र त्याच अभ्यासात शरीराची घडण आणि लघवीतून जाणारे क्रिएटिनिन यांचा हिशेब धरूनही तो फरक पुरता मिटला नाही. म्हणजे स्नायूंची जी कथा वीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवली गेली, ती फार तर अर्धवट खरी होती. फरक दिसतो, पण तो कशामुळे आहे हे सांगता येत नाही, आणि तरीही त्याला एका माणसाच्या अंगाला चिकटलेला गुणधर्म मानून त्या माणसाचा आकडा बदलायचा, हे डॉक्टरांना खटकू लागले. मूत्रपिंडतज्ज्ञ अमाका एनेन्या यांनी सहकाऱ्यांसह 2019 साली हा प्रश्न वैद्यकीय नियतकालिकात मांडला, सॅन फ्रान्सिस्कोतल्या मूत्रपिंडतज्ज्ञ व्हेनेसा ग्रब्स यांनी तो सातत्याने लावून धरला, आणि अनेक ठिकाणी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांना तो वर्गातच विचारला. ज्याची आई गोरी आणि वडील कृष्णवर्णीय, त्याला 1.159 ने गुणायचे की अर्ध्याने? नुकताच नायजेरियातून आलेला माणूस आणि दहा पिढ्या अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात राहिलेला माणूस यांचे स्नायू सारखे कसे? दक्षिण आफ्रिकेत तपासून पाहिले तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये एमडीआरडीचे सूत्र ती संख्या न वापरता अधिक बरोबर उत्तर देत होते. मग ही संख्या नेमकी कोणाची, याचे धड उत्तर कोणाकडेच नव्हते.

पण माझे मत खऱ्या अर्थाने बदलले ते उंबरठ्याचा हिशेब स्वतः करून पाहिल्यावर. अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत डायलिसिस सुरू होण्याआधी वेळ जमा व्हायला लागायचा असेल तर ईजीएफआर 20 किंवा त्याखाली यावा लागतो. उदाहरणासाठी पन्नास वर्षांचा एक पुरुष घ्या, क्रिएटिनिन 3.6. सन 2009 च्या सूत्राने, तो कृष्णवर्णीय नसेल तर उत्तर येते 18.6, आणि असेल तर 21.5. रक्त तेच, वय तेच, आजारही तोच. एकाचा वेळ आजपासून मोजला जातो आणि दुसऱ्याला सांगितले जाते की तुमचे मूत्रपिंड अजून थोडे बरे आहे, नंतर या. ज्याचे मूत्रपिंड वर्षाला एका मिलिलिटरच्या वेगाने उतरते आहे, त्याला 21.5 वरून 20 वर यायला दीड वर्ष लागेल. मधल्या काळात त्याच्या पुढे रांगेत माणसे उभी राहत जातील, आणि या रांगेत ज्याचा वेळ जास्त जमा झाला त्याचे पारडे जड. हे घडत होते नेमके त्या लोकांच्या बाबतीत ज्यांच्यात मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याचे प्रमाण गोऱ्या अमेरिकनांच्या तीनपटीहून अधिक आहे.

काही रुग्णालयांनी आधीच ही संख्या वगळली होती. मग 2020 साली अमेरिकेतल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आणि रुग्णांच्या राष्ट्रीय संघटनांनी मिळून समिती नेमली आणि सप्टेंबर 2021 मध्ये वंशाचा घटक नसलेले नवे सूत्र आले. वरच्याच माणसाला नव्या सूत्रात घातले तर उत्तर 19.7 येते, तो कोणत्याही वंशाचा असो. जानेवारी 2023 पासून प्रत्यारोपण केंद्रांना एक वेगळेच काम करावे लागले. यादीतल्या कृष्णवर्णीय रुग्णांचे जुने रिपोर्ट काढायचे आणि वंश न धरता ते 20 पर्यंत कधी उतरले असते ते शोधून तितका वेळ त्यांच्या खात्यात परत जमा करायचा. मार्च 2024 पर्यंत 14 हजारांहून अधिक रुग्णांचा वेळ असा सुधारला गेला, सरासरीने सुमारे दोन वर्षांनी. कोणाच्या घरात दोन वर्षे कमी डायलिसिस म्हणजे काय, हे ज्यांनी आठवड्यातून तीनदा रुग्णाला घेऊन जाण्याची पाळी अनुभवली आहे त्यांना सांगायला नको.

आता दुसरी बाजू. नवे सूत्र निर्दोष नाही, आणि ते निर्दोष असल्यासारखे बोलणाऱ्यांशी माझे जमत नाही. सन 2009 चे सूत्र कृष्णवर्णीयांचे गाळण साधारण 3.7 ने जास्त दाखवत होते आणि इतरांचे जवळपास बरोबर. नव्या सूत्राने चूक वाटून दिली आहे. ते कृष्णवर्णीयांचे साधारण 3.6 ने कमी आणि इतरांचे 3.9 ने जास्त दाखवते. शिवाय आकडा कमी दिसणे प्रत्येक वेळी रुग्णाच्या फायद्याचेच असते असे नाही. ईजीएफआर 30 च्या खाली गेला की मधुमेहाची मेटफॉर्मिन बंद करतात, काही कर्करोगाच्या औषधांचा डोस कमी होतो किंवा ती दिलीच जात नाहीत. ज्या कृष्णवर्णीय रुग्णाचे मूत्रपिंड प्रत्यक्षात ठीक आहे, त्याला यामुळे चांगले औषध नाकारले जाऊ शकते. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो घेणारे सगळे पूर्वग्रहदूषित नाहीत. तरीही मला वाटते की चूक करायचीच असेल तर ती सगळ्यांच्या बाबतीत सारख्या नियमाने व्हावी, आणि निर्णय उंबरठ्याच्या जवळ असेल तेव्हा एका आकड्यावर विसंबू नये.

विसंबू नये म्हणजे काय करावे, तर दुसरी तपासणी. सिस्टॅटिन सी नावाचे एक छोटे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सर्व पेशी तयार करतात. त्याच्यावर स्नायूंचा परिणाम क्रिएटिनिनच्या मानाने पुष्कळ कमी होतो, आणि ज्या अभ्यासात क्रिएटिनिनचा वांशिक फरक मिटत नव्हता त्याच अभ्यासात सिस्टॅटिनवरून काढलेल्या अंदाजात तो दिसलाच नाही. त्यालाही खोड्या आहेत. स्टेरॉइडच्या गोळ्या, थायरॉइडचा बिघाड, धूम्रपान, लठ्ठपणा यांनी ते वरखाली होते, आणि ते महागही आहे. पण दोन्ही द्रव्ये मिळून काढलेले उत्तर एकेकट्यापेक्षा खऱ्याच्या जवळ जाते.

आपल्याकडच्या वाचकांना वाटेल की हा अमेरिकेतला वाद, आपला काय संबंध. संबंध आहे, कारण भारतातल्या प्रयोगशाळाही हीच सूत्रे वापरतात. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत प्रामुख्याने शाकाहारी असलेल्या भारतीयांचे गाळण प्रत्यक्ष मोजले गेले तेव्हा ही सूत्रे ते जास्त दाखवतात असे आढळले. स्नायू कमी, मांस नाही, म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी, आणि म्हणून मूत्रपिंड कागदावर धडधाकट. जपानने स्वतःसाठी वेगळी गुणक संख्या बनवली आहे. आपणही एक ‘भारतीय’ गुणक बनवावा अशी सूचना मी वैद्यकीय वर्तुळात ऐकली आहे आणि ती मला पटत नाही. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान आणि सदाशिव पेठेतले शाकाहारी निवृत्त कारकून यांना एकाच संख्येने गुणणे म्हणजे तीच चूक नव्या नावाने करणे होय.

माझे वडील त्या दुसऱ्या गटातले. वय 72, अंगाने काटक, जन्मात मांस खाल्लेले नाही. मागच्या वर्षी त्यांचे क्रिएटिनिन 1.0 आले, नव्या सूत्राने ईजीएफआर 80, आणि रिपोर्टवर कुठेही लाल खूण नाही. मी हट्टाने सिस्टॅटिन करून घेतले. ते 1.2 आले, म्हणजे त्यावरून 58, आणि दोन्ही मिळून 70. बाबांनी फोनवर विचारले, “अरे, मग यातला खरा कोणता?” मी म्हणालो की सत्तरच्या आसपास धरा, आणि गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणता त्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. गोळ्या त्यांनी बंद केल्या आहेत. निदान मला तरी तसे सांगतात.