वह्या नाहीत, मग बँकेतले सत्तावीस लाख कुठले?

व्यापाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: “व्यापारी बंधूंनो, ४४ एडी घ्या आणि निवांत झोपा. विक्री दोन कोटींच्या आत असली की झालं, गूळ अडत असो नाहीतर हार्डवेअर. आठ टक्के नफा दाखवायचा, वह्या-बिलं काही ठेवायची नाहीत. आठ टक्के दाखवले की ऑफिसर बँकेतल्या रकमांचं विचारूच शकत नाही. विचारलंच तर वह्या पुरात गेल्या म्हणून सांगायचं. पुढच्या वर्षी नफा कमी झाला तर परत जुन्या पद्धतीवर यायचं.”

४४ एडी म्हणजे प्राप्तिकर कायद्यातलं ते कलम, ज्याखाली छोटा व्यापारी विक्रीच्या ठरावीक टक्क्याने नफा दाखवू शकतो. मेसेजमधला दोन कोटींचा आकडा बरोबर आहे. वर्षभरातली रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तो तीन कोटींपर्यंतही जातो. बाकी मेसेजमध्ये अर्धं खरं आणि अर्धं घातक असं मिसळलंय. मी कोल्हापुरात छोट्या दुकानदारांची रिटर्नं भरतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आलाय आणि कलमांचे क्रमांक बदललेत, पण खालचं प्रकरण २०२३-२४ चं आहे, म्हणून जुनेच क्रमांक वापरतो.

अडतीपासून सुरुवात करू, कारण मेसेजमध्ये तिचं नाव पहिलं आहे आणि शाहू मार्केट यार्डात तो फिरतोय. ४४ एडीच्या सहाव्या पोटकलमात कमिशन किंवा दलाली मिळवणाऱ्या आणि एजन्सीचा धंदा करणाऱ्या व्यक्तीला ही सवलत नाही असं स्पष्ट लिहिलंय. शेतकऱ्याचा गूळ विकून अडत घेणारा कच्चा अडत्या त्यात सरळ बसतो. त्याची विक्री म्हणजे गुळाची किंमत नव्हे, फक्त अडत, त्यामुळे ऑडिटची मर्यादा त्याला सहसा लागत नाही. वह्यांची मात्र लागते. धंद्याचं उत्पन्न अडीच लाखांवर गेलं की व्यक्तीला कलम ४४ एए खाली वह्या ठेवाव्याच लागतात. सहा लाख अडत मिळवणाऱ्याने ‘मी ४४ एडीत आहे’ म्हणून वह्या ठेवल्या नाहीत, तर कलम २७१ एचा पंचवीस हजारांचा दंड बसू शकतो. बरं, कलम वगळतं ते ‘व्यक्तीला’, नुसत्या अडतीच्या धंद्याला नव्हे. म्हणून अडतीबरोबर स्वतःचा गूळ घेऊन विकणाऱ्याने त्या खरेदी-विक्रीपुरतं ४४ एडी घेणंही जोखमीचंच.

आता वह्या आणि बिलं. मेसेजने हे दोन शब्द एका दमात घेतलेत आणि घोळ तिथेच झालाय. वह्या म्हणजे रोजमेळ, खतावणी, ताळेबंद. ठरावीक टक्क्याने नफा दाखवणाऱ्याला त्यातून सूट आहे. आजच्या रूपातली ही योजना २००९ च्या वित्त विधेयकातून आली, आणि वह्या ठेवण्यातून मोकळीक हा तिचा हेतूच होता. बिलं ही वेगळी गोष्ट. जीएसटी नोंदणी असेल तर विक्रीची बिलं, खरेदीची बिलं, साठ्याची नोंद त्या कायद्याखाली ठेवावीच लागते, आणि तीही वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने. शिवाय ४४ एडीवाले जो आयटीआर-४ म्हणजे ‘सुगम’ फॉर्म भरतात, त्यातच वर्षअखेरची येणी, देणी, शिल्लक माल आणि हातातली रोख विचारलेली असते. हे चार आकडे कुठून तरी यायला हवेत. घाईघाईत रिटर्न भरून देणारे तिथे शून्य टाकतात. ते शून्य पुढे कसं अंगलट येतं, ते बँकेच्या मुद्द्यात दिसेल.

आमच्याकडे येणारे एक दुकानदार आहेत, त्यांना इथे अण्णा म्हणू. उद्यमनगरातल्या वर्कशॉप्सना नट-बोल्ट, बेअरिंग, ग्राइंडिंग व्हील पुरवतात. २०२२-२३ ला त्यांच्या वह्या होत्या, ऑडिट होतं, १ कोटी १० लाखांवर ५ लाख २८ हजार नफा होता. मुनीम सोडून गेला आणि अण्णा २०२३-२४ ला ४४ एडीत आले. विक्री जीएसटी वगळून १ कोटी २० लाख. त्यातली १५ लाखांची काउंटरवरची रोख, तिच्यावर आठ टक्के म्हणजे १ लाख २० हजार. उरलेले १ कोटी ५ लाख बँकेतून आले, त्यावर सहा टक्के म्हणजे ६ लाख ३० हजार. एकूण नफा साडेसात लाख. (बँकेतून आलेल्या पैशाला सहाच टक्के लागतात, हेही मेसेजला ठाऊक नाही. मात्र उधारीचे पैसे रिटर्न भरायच्या मुदतीच्या आत बँकेत यायला हवेत. अण्णांचे आले होते.)

जून २०२५ मध्ये छाननीची नोटीस आली. मागोमाग पोर्टलवर प्रश्नावली. दोन प्रश्न महत्त्वाचे होते: मागच्या वर्षी वह्या होत्या, यंदा का ठेवल्या नाहीत? आणि खात्यांत एकूण १ कोटी ४७ लाख जमा दिसतात, विक्री १ कोटी २० लाख दाखवलीय, मग वरचे २७ लाख कसले?

पहिल्याचं उत्तर अण्णांच्या नावाने चार ओळींत झालं: मी पात्र निवासी व्यक्ती आहे, धंदा पात्र आहे, विक्री दोन कोटींच्या आत आहे, कमिशनचं उत्पन्न नाही. ठरवून दिलेल्या दराने नफा जाहीर केलाय, म्हणून या वर्षी वह्या ठेवणं बंधनकारक नव्हतं आणि ठेवलेल्या नाहीत. आधीच्या वर्षी या योजनेत नव्हतो, त्या वर्षाच्या वह्या आणि ऑडिट अहवाल उपलब्ध आहेत. बस. मुनीम गेला, तब्येत बरी नव्हती, असली कारणं अण्णा आग्रहाने सांगत होते. मी ती घेतली नाहीत. कारण देत बसलं की वह्या ठेवायच्या होत्या आणि चुकून राहिल्या असा अर्थ निघतो. कायद्याने दिलेली सूट वापरली एवढंच म्हणायचं.

दुसऱ्या प्रश्नाला ‘४४ एडी आहे, विचारू नका’ असं लिहिलं असतं तर प्रकरण हातचं गेलं असतं. ठरावीक टक्का दुकानाच्या नफ्यापुरता असतो. खात्यात आलेली रक्कम दुकानाचीच आहे का, हे विचारायचा अधिकार अधिकाऱ्याला राहतोच. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचा २०१० चा एक निकाल करदात्याच्या बाजूने नेहमी दाखवतात. अशा योजनेतल्या माणसाला बँकेतली एकेक नोंद समजावून द्यावी लागत नाही, असं तो म्हणतो. पण त्याच निकालात अट आहे की त्या रकमांचा धंद्याच्या विक्रीशी संबंध नाही असं दिसू नये. विक्रीपेक्षा २७ लाख जास्त दिसत असतील तर तो संबंध आपणच दाखवून द्यायचा. नाही दाखवला तर कलम ६९ एखाली ती रक्कम खुलासा नसलेला पैसा ठरू शकते, आणि त्यावर २०२३-२४ च्या दराने कर, अधिभार, उपकर धरून ७८ टक्के जातात. आठ टक्क्यांच्या भरवशावर निवांत झोपलेल्याला एवढं ऐकवलं की पुरे होतं.

आम्ही मेळ असा घातला. विक्री जीएसटी वगळून दाखवतात, गिऱ्हाईक मात्र जीएसटीसह पैसे देतं. १ कोटी २० लाखांवर १८ टक्के म्हणजे २१ लाख ६० हजार इथेच निघाले. मग उधारी. वर्षाच्या सुरुवातीला १६ लाख ४० हजार येणं होतं, शेवटी ११ लाख राहिलं. म्हणजे मागच्या वर्षीच्या विक्रीचे निव्वळ ५ लाख ४० हजार या वर्षी जास्त वसूल झाले, आणि त्यांवरचा नफा २०२२-२३ च्या ऑडिटेड हिशोबात आधीच धरला गेलाय. मुदत ठेव मोडल्याचे ५ लाख. हे सगळं मिळून ३२ लाख झाले, फरक तर २७ लाखांचा. उरलेले पाच उलट बाजूचे: काउंटरवर जीएसटीसह १७ लाख ७० हजार रोख आली, त्यातली ५ लाख बँकेत भरलीच नाही, हमाली, मजुरी आणि घरखर्चात गेली. ३२ वजा ५, बरोबर २७.

प्रत्येक आकड्यामागे एकेक कागद लावला. विक्रीला वर्षभराची जीएसटी रिटर्नं, सुरुवातीच्या उधारीला मागचा ताळेबंद आणि ग्राहकवार यादी, ठेवीला बँकेची पावती. शेवटच्या ११ लाखांना अण्णांची तपकिरी डायरी. त्यातल्या नावांपुढे एप्रिल ते जुलैमधल्या बँक जमा जुळवून दाखवल्या. आयटीआर-४ मध्ये येण्याच्या रकान्यात ११ लाख भरलेले होते, म्हणून हे टिकलं. तिथे शून्य असतं तर उधारीचा मेळ आमच्याच रिटर्नने खोटा ठरवला असता. फेब्रुवारी २०२६ मध्ये आदेश आला, दाखवलेलं उत्पन्न जसंच्या तसं मान्य झालं.

पुराबद्दल. २०१९ आणि २०२१ चा पूर कोल्हापूरने पाहिलाय, ज्यांची कागदपत्रं खरंच भिजली त्यांनी तसं सांगावं, पंचनामा जोडावा. पण ४४ एडीतल्या माणसाने वह्या पुरात गेल्या म्हणणं म्हणजे वह्या होत्या असं लिहून देणं. मग पुढचा प्रश्न येतो: कुठल्या सॉफ्टवेअरवर होत्या, बॅकअप कुठे, त्यातला खरा नफा किती? शिवाय २०२३-२४ च्या वह्या २०२१ च्या पुरात कशा गेल्या, हे पंचगंगेलाही सांगता येणार नाही. आता उत्तरं समोरासमोर नव्हे, पोर्टलवर लेखी जातात. एकदा चढवलेलं वाक्य मागे घेता येत नाही.

आणि हो, आत-बाहेर करणं. योजनेत आल्यावर पुढच्या पाचांपैकी कुठल्याही वर्षी ठरलेल्या दरापेक्षा कमी नफा दाखवला, तर त्यानंतरची पाच वर्षं तिचं दार बंद. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर वह्या आणि ऑडिट दोन्ही लागतात, विक्री एक कोटीच्या खाली असली तरी. अण्णांनी यंदा हेच विचारलं, कारण दोन वर्कशॉप्सनी खरेदी थांबवली आणि त्यांच्या अंदाजाने खरा नफा चार टक्क्यांवर आलाय. दोन टक्क्यांच्या फरकावरचा कर एका कागदावर मांडला, शेजारी मुनिमाचा पगार आणि पाच वर्षांची ऑडिट फी लिहिली. कागदाकडे बघून अण्णा म्हणाले, “सहाच लावा.”