घड्याळ कोरं झालं, पण खात्यातून सुटलं का?

"जुनं स्मार्टवॉच घरच्या माणसाला द्यायचंय? फोनच्या ब्लूटूथमधून नाव काढा, घड्याळावरच रीसेट मारा, झालं काम. अ‍ॅपमधून अनपेअर करत बसू नका, सगळा जुना रेकॉर्ड उडतो. आणि घरातच देणार असाल तर रीसेटचीही गरज नाही. त्यात लपवण्यासारखं असतंच काय?"

गणपतीच्या आधी हा मेसेज फॅमिली ग्रुपांवर फिरायला लागतो. चाकरमानी तो वाचून गावी येतात आणि विसर्जनानंतर त्याचा निकाल आमच्या दुकानात लागतो. देवगड तालुक्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. इथे मुख्यतः अ‍ॅपल वॉचबद्दल लिहितो, कारण या सल्ल्याचा सगळ्यात मोठा फटका त्याला बसतो. स्वस्त घड्याळांचं नंतर थोडक्यात सांगेन.

ब्लूटूथचा मुद्दा लवकर निकालात निघतो. यादीतून नाव काढलं की फोन आणि घड्याळ यांचं ब्लूटूथवरचं बोलणं बंद होतं, एवढंच. घड्याळाच्या आतले मेसेज, फोटो, पासकोड सगळं जागच्या जागी राहतं.

रीसेटचा सल्ला मात्र अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळेच माणसं फसतात. घड्याळावर Settings, General, Reset असं जाऊन सगळं पुसलं, तर आतला डेटा खरोखरच जातो. जात नाही ते कुलूप. आयफोनवर हरवलेलं साधन शोधण्याची Find My ही सोय चालू असेल तर घड्याळ जोडताक्षणी त्यावर Activation Lock आपोआप बसतो. त्याची नोंद अ‍ॅपलच्या सर्व्हरवर असते. त्यामुळे घड्याळ आतून कितीही कोरं केलं तरी नव्या फोनला जोडताना ते जुन्या मालकाचं खातं आणि पासवर्ड मागतंच. चोर अडावेत म्हणून केलेली सोय, अडतात वडील.

गेल्या गणपतीनंतर एक काका घड्याळ घेऊन आले. "ह्या झिलान दिल्यान, पण चलना नाय." मुलाने निघायच्या आदल्या रात्री घड्याळावरूनच रीसेट केला होता. काकांकडे त्याचाच जुना आयफोन, पण खातं काकांचं स्वतःचं. जोडणी सुरू झाली आणि मध्येच पासवर्डचा चौकोन आला. वर ईमेलचं पहिलं अक्षर आणि पुढे नुसते ठिपके. काकांनी बिचाऱ्यांनी आपलाच पासवर्ड घालून पाहिला होता, पण ते ठिपके मुलाच्या ईमेलचे होते. मुलगा तेव्हा गाडीत, आणि कोकण रेल्वेच्या बोगद्यांत फोन लागणं म्हणजे नशिबाचा भाग.

संध्याकाळी पनवेलला उतरल्यावर त्याचा फोन आला. "काका, मी पासवर्ड सांगतो, तुम्हीच टाका ना." मी नको म्हटलं. परक्या दुकानात बसून खात्याचा पासवर्ड कुणीही सांगू नये, दुकान माझं असलं तरी. त्याऐवजी त्याने स्वतःच्या फोनवर iCloud.com/find उघडलं, साधनांच्या यादीत घड्याळ निवडलं आणि ते खात्यातून काढून टाकलं. घड्याळ आधीच पुसलेलं होतं म्हणून थेट काढता आलं. पुसलेलं नसेल तर तिथूनच आधी इरेज करायचं, मग खात्यातून काढायचं. क्रम उलटा झाला तर कुलूप जातं आणि डेटा मात्र घड्याळात तसाच राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या फोनला घड्याळ विनातक्रार जोडलं गेलं.

हीच कामं मुलाने निघण्याआधी अनपेअर करून एका फटक्यात उरकली असती. घड्याळ चार्ज केलेलं, फोन शेजारी आणि इंटरनेट चालू, एवढी तयारी पुरते. फोनवरच्या Watch अ‍ॅपमध्ये My Watch खाली All Watches उघडायचं, घड्याळासमोरच्या गोलातल्या i वर बोट ठेवायचं आणि Unpair Apple Watch निवडायचं. स्वतंत्र सेल्युलर प्लॅन असेल तर तो ठेवायचा की काढायचा हे विचारलं जातं. घड्याळ दुसऱ्याला जातंय, तेव्हा काढायचा. मग खात्याचा पासवर्ड. हा पासवर्ड मागितला जातो तो कुलूप काढण्यासाठीच. तो टाळला, तर काम झालेलं नाही असं समजा. शेवटी Find My मधली यादी बघावी. घड्याळ त्यातून गेलेलं असेल तरच ते सुटलं. नुसतं घड्याळावर नवी जोडणी करण्याचं पान दिसलं म्हणून खूश होऊ नका, ते पान कुलूपबंद घड्याळावरही दिसतं.

रेकॉर्ड उडण्याची भीती तर पार उलटी आहे. अ‍ॅपमधून अनपेअर करताना फोन आधी घड्याळाचा बॅकअप घेतो आणि मगच ते पुसतो. पावलं, झोप, हृदयाचे ठोके हा इतिहास फोनच्या Health अ‍ॅपमध्ये असतो, तो देणाऱ्याकडेच राहतो. बॅकअपमध्ये येत नाहीत ती पैसे देण्यासाठी जोडलेली कार्डं आणि घड्याळाचा पासकोड. ती येऊही नयेत.

आता घरच्या माणसाचा मुद्दा. मेसेज लिहिणाऱ्याला फक्त गुपितं आठवली. मला आठवतात त्या पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या पाखाड्या. सिरीज ४ पासूनच्या आणि एसई घड्याळांत पडल्याचं ओळखण्याची सोय आहे. माणूस जोरात पडला आणि मिनिटभर हलला नाही, तर घड्याळ आपत्कालीन कॉल लावतं आणि मग ठरवलेल्या नातेवाइकांना ठिकाणासह निरोप पाठवतं. वय ५५ किंवा जास्त नोंदवलेलं असेल तर ही सोय स्वतःहून चालू होते.

मुलाने न पुसता घड्याळ दिलं, तर आत वय मुलाचं, बत्तीस समजा. सोय त्याने स्वतः चालू केली नसेल तर ती कायम चालू असेलच असं नाही. चालू असली तरी सेल्युलर नसलेलं घड्याळ कॉल लावतं ते मुख्यतः जोडलेल्या आयफोनमार्फत, आणि तो फोन डोंबिवलीत. बाबांच्या खिशातला फोन त्या घड्याळाला अनोळखी. आपत्कालीन नंबर, रक्तगट, औषधांची अ‍ॅलर्जी हेही सगळं मुलाचं. म्हणून घड्याळ पुसून बाबांच्या फोनला जोडा, Health मध्ये त्यांची खरी जन्मतारीख आणि Medical ID भरा, आणि Watch अ‍ॅपच्या Emergency SOS मध्ये Fall Detection चालू दिसतंय ना ते डोळ्यांनी बघा.

हे सगळं बाबांकडे आयफोन असेल तर. अँड्रॉइड फोनला अ‍ॅपल वॉच जोडलंच जात नाही. आत्याकडे अँड्रॉइड असेल तर तिला घड्याळ देण्याचा बेतच रद्द करा, नाहीतर ते शोकेसमध्ये ठेवायच्या कामाचं.

दोन-तीन हजारांच्या कॉलिंग घड्याळांत अडचण वेगळी. त्यातल्या बऱ्याच घड्याळांच्या दोन जोडण्या असतात, एक अ‍ॅपशी आणि एक कॉलसाठी ब्लूटूथशी. दोन्ही वेगवेगळ्या काढाव्या लागतात. अ‍ॅपमधून काढलं आणि ब्लूटूथमध्ये नाव राहिलं, तर दोघं एका घरात असताना तुमचा कॉल आईच्या मनगटावर वाजतो. उलट काही घड्याळं आणि बँड अ‍ॅपच्या खात्याला बांधलेले असतात. अ‍ॅप नुसतं डिलीट केलं तर ही गाठ सर्व्हरवर राहते आणि नव्या फोनवर "दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे" असा नकार येतो. तेव्हा आधी अ‍ॅपमध्ये जाऊन घड्याळ काढायचं, अ‍ॅप नंतर.

आणि अ‍ॅपल वॉच देताना त्याचं खरेदीचं बिलही डब्यात टाका. देणाऱ्याला पासवर्ड आठवत नसेल आणि खातंही परत मिळत नसेल, तर खरेदीचा पुरावा दाखवून अ‍ॅपलकडे कुलूप काढण्याची विनंती करता येते. बिल नसेल तर आमच्यासारख्या दुकानदाराला त्यात काही करता येत नाही. कुणी "पाचशेत काढून देतो" म्हणालाच, तर पैसे आगाऊ देऊ नका.